मदत हवी आहे: अंगठ्याचं नख काळं पडलंय, गळून जाईल का?

पंढरपूरच्या पायी वारीचा सराव म्हणून तीन रविवार पणजी ते जुनं गोवें, रायबंदरमार्गे चालत जाऊन परत आले. साधारण वीस किलोमीटर होतात. बूट नवे, उभं राहिल्यावर बरोबर बसायचे, पण उन्हात पाय सुजले की अंगठा पुढे आपटायचा. (दुकानात सकाळी माप घेतलं, तिथंच फसले.)

दुसऱ्या रविवारी रात्री उजव्या अंगठ्यात ठणका लागला, सकाळी नखाखाली जांभळट डाग. आता नख जवळजवळ काळं आहे. दुखणं थांबलंय, पू किंवा वास नाही. मुळाशी मात्र नख किंचित हलतं.

डॉक्टर म्हणाले, रक्त साकळलंय. नख सुटलं तर सुटू दे, ओढायचं नाही. नवं पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागेल. डाग नखाबरोबर पुढे सरकला नाही, किंवा काळेपणा बाजूच्या कातडीवर पसरला, तर पुन्हा दाखवायचं.

ज्यांचं असं झालंय त्यांना विचारते: मुळाशी हलणारं नख तुमचं टिकलं का? गळालं तर किती आठवड्यांनी? आणि तोवर मोज्यात अडकू नये म्हणून काय बांधायचात?