विजेविना पाणी ४० मीटर चढते, याचा हिशोब

कोथरूडकर (मूळ पोस्ट): वीज नाही, डिझेल नाही, आणि तरीही हायड्रम नावाच्या पंपाने ओढ्याचे पाणी ४० मीटर उंचीवरच्या वाडीला पोहोचते म्हणे. ४ मीटरवरून पडणारे पाणी ४० मीटर चढेलच कसे? ऊर्जा फुकट मिळत नाही, हे नववीतल्या मुलालाही ठाऊक असते. अशा पंपासाठी देणग्या घेणे ही देणगीदारांची निव्वळ फसवणूक आहे.

वेल्ह्याचा पाहुणा: फसवणूक हा शब्द वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. वेल्ह्याच्या बाजूच्या एका वाडीवर आम्ही असा हायड्रम बसवला आहे आणि त्या पाइपांच्या चाऱ्या मी स्वतः खणल्या आहेत. आपण ज्या नियमाचा दाखला देता, त्याच नियमावर तो चालतो. सगळे पाणी वर चढत नाही. साधारण सोळा-सतरा वाट्यांतला एक वाटा चढतो आणि उरलेले वाटे त्याला चढवण्यासाठी खाली पडतात.

झऱ्याखालच्या टाकीतून ४ मीटर खाली, २४ मीटर लांबीचा दोन इंची लोखंडी जीआय पाइप पंपापर्यंत येतो. तळाची झडप उघडी असते आणि तिच्यातून पाणी ओढ्यात वाहत राहते. वेग वाढता वाढता तेच पाणी झडपेला उचलून खाडकन बंद करते. धावत आलेले एवढे पाणी एकाएकी अडले की दाब उसळतो, दुसरी झडप ढकलली जाते आणि थोडे पाणी हवेच्या टाकीत शिरते; तिथली दाबलेली हवा ते वर जाणाऱ्या पाइपात ढकलते. दाब ओसरला की दुसरी झडप मिटते, पहिली स्वतःच्या वजनाने खाली पडते आणि पाणी पुन्हा धावू लागते. हे मिनिटाला साधारण ५० वेळा घडते. प्रत्येक ठोक्याला वर जाते ते जेमतेम अर्धी वाटी पाणी.

आता हिशोब. झऱ्यातून मिनिटाला ६० लिटर येतात, पडझड ४ मीटरची, चढण पंपापासून ४० मीटरची. काहीही वाया गेले नसते, तर मिनिटाला ६ लिटर चढले असते. घर्षण आणि गळती धरून त्यातले सहा दशांश हाती लागतात, म्हणजे ३.६ लिटर. चोवीस तास चालले की दिवसाला ५,१८४ लिटर होतात. वाडीत ९० माणसे आहेत, म्हणजे माणशी ५५ लिटरहून थोडे जास्तच पाणी मिळते. यात फुकटचे काय आहे, ते आपण दाखवावे.

सौरप्रेमी: हिशोब बरोबर आहे, हे मान्य, पण त्यातूनच आपली बाजू लंगडी पडते. ६० लिटरांतले ५६ लिटर ओढ्याला सोडून द्यायचे, याला पाणीपुरवठा म्हणायचे का? सौरपंप लावला असता, तर टाकीत साठलेले सगळेच पाणी वर नेता आले असते. १७९६ साली माँगोल्फिए यांनी फ्रान्समध्ये हे यंत्र केले, तेव्हा दुसरा उपाय नव्हता. आज तो आहे.

वेल्ह्याचा पाहुणा: ओढ्याला सोडलेले पाणी वाया जात नाही, ते खालच्या खाचरांना मिळते. आणि आमचा झरा दोन डोंगरांच्या बेचक्यात आहे, तिथे पावसाळ्याचे चार महिने धड ऊन दिसत नाही. हायड्रम मात्र त्याच चार महिन्यांत सर्वांत जोमाने ठोके देतो.

सहकारनगरचे काका: आमच्या सोसायटीचे विजेचे बिल फार येते. तळातल्या टाकीतून गच्चीवर पाणी नेण्यासाठी हा पंप बसवता येईल का?

जुना फिटर: नाही, काका. आपली टाकी जमिनीखाली असल्याने तिच्यातले पाणी आणखी खाली पडायला जागाच नाही. पडझड नसेल, तर ठोका बसत नाही.

मुळशीची लेक: माझा अनुभव वेगळा आहे, तोही ऐकावा. माझ्या भावाने शेतावर हाच पंप बसवला. ठोके पडायचे, झडप नाचायची, पण ३० मीटरवरच्या टाकीत थेंब पोहोचला नाही. बसवून देणाऱ्याने पैसे घेतले आणि फोन उचलणे बंद केले. त्यामुळे मूळ पोस्ट लिहिणाऱ्यांचा राग मला समजतो.

जुना फिटर: ताई, पंपाकडे येणारा पाइप कोणता होता?

मुळशीची लेक: काळा, प्लास्टिकचा, गुंडाळीचा. डोंगरातून जीआय वाहून नेणे महाग पडते, काळा पाइप खांद्यावरून जातो, असे आम्हाला सांगण्यात आले.

जुना फिटर: तिथेच घात झाला. जीआय पाइपात मीटरभर वेगाने धावणारे पाणी एकदम अडले, तर दाब शंभर मीटर उंच पाण्याच्या दाबाहूनही वर उसळतो. काळा पाइप त्या दणक्याला फुगतो आणि दणका स्वतःच गिळून टाकतो. त्यात जीआयच्या जेमतेम चौथा हिस्सा दाब उठतो. झडप नाचण्याला तेवढा पुरतो, ३० मीटर चढायला पुरत नाही. पंपापासून वर जाणारा पाइप काळा चालतो, पंपाकडे येणारा चालत नाही.

सौरप्रेमी: हे सरसकट विधान झाले. पीव्हीसीच्या पाइपावर चाललेले हायड्रम मी पाहिले आहेत.

जुना फिटर: किती उंचीवर पाहिलेत? १० मीटरवर चालतील, मीही चालवले आहेत. इथे प्रश्न ४० मीटरचा आहे. दर सहा महिन्यांनी कुणाचे तरी फुटलेले सांधे मी बदलतो आणि दर वेळी मला हेच ऐकवले जाते की कुठेतरी चालले होते.

मुळशीची लेक: म्हणजे पंप ठीक होता आणि आम्ही तो भंगारात दिला. हे त्या माणसाने सांगायला हवे होते.

वेल्ह्याचा पाहुणा: ताई, आमचाही पंप पहिल्या वर्षी बिघडला होता. ठोक्याचा आवाज मऊ असायचा, तो घणासारखा खणखणीत झाला आणि वर जाणारा पाइप थरथरू लागला. दाबाखालची हवा हळूहळू पाण्यात विरघळते, म्हणून दुसऱ्या झडपेच्या खाली दीड मिलिमीटरचे एक छिद्र असते, आणि दर ठोक्यानंतर तिथून चिमूटभर हवा आत ओढली जाते. ते गाळाने बुजले होते, टाकीतली हवा संपली होती. छिद्र मोकळे असेल, तर प्रत्येक ठोक्याला तिथून बारीक चिळकांडी उडते. आता वाडीतला मुलगा आधी तीच पाहतो.

कोथरूडकर: फसवणूक हा शब्द मी मागे घेतो, यंत्र चालते हे मान्य. मात्र आपण पावसाळ्याचे आकडे दिलेत. मे महिन्यात झरा किती देतो?

वेल्ह्याचा पाहुणा: मिनिटाला २५ लिटर. त्या प्रवाहात हा पंप चालतच नाही. पाइप टाकीतले पाणी भरण्याआधीच ओढून घेतो, हवा शिरते आणि झडप उघडीच पडून राहते. झडपेची उसळी कमी करून पाहिली, तरी प्रवाह एका मर्यादेखाली गेला की ती बंद होत नाही. एका मोठ्याऐवजी दोन लहान पंप, प्रत्येकाचा स्वतंत्र पाइप, आणि उन्हाळ्यात एकच चालू, असे आधी करायला हवे होते.

सौरप्रेमी: आणि तो एकच चालला, तरी आपल्याच सूत्राने मिनिटाला दीड लिटर, दिवसाला २,१६० लिटर, म्हणजे माणशी २४ लिटर. झऱ्यात तेव्हाही दिवसाला ३६,००० लिटर असतात आणि ऊन भरपूर असते.

वेल्ह्याचा पाहुणा: मार्च ते मे आपले म्हणणे खरे आहे, नाइलाजाने का होईना, ते मान्य करतो. पण तीन महिन्यांसाठी पॅनेल आणि मोटार घ्यायची, की दुसरा लहान पंप बसवून उरलेले पाणी बायाबापड्यांनी डोक्यावरून आणायचे, यावर वाडीच्या दोन बैठका झाल्या आणि निर्णय झालेला नाही.

जुना फिटर: पॅनेल घेतलेत तरी हायड्रम काढू नका. आणि दुसरा घेतलात, तर त्याचा पाइप आधी मला दाखवा.