मदत हवी आहे: जुन्या स्मार्ट टीव्हीतली अ‍ॅप्सच चालवू की स्टिक घेऊ?

देवरुखकर

नमस्कार मंडळी. गावी आई-अण्णांकडे 43 इंची स्मार्ट टीव्ही आहे, 2018 मध्ये घेतलेला. फुल एचडी, फोर के नाही. चित्र अजून ठणठणीत आहे, आवाजही बरा. आतली प्रणाली कंपनीची स्वतःची, अँड्रॉइड नव्हे.

तक्रार अशी की यूट्यूब उघडायला इतका वेळ लागतो की अण्णा तोवर अंगणात एक फेरी मारून येतात. आई ज्या अ‍ॅपवर मालिका बघते ते तर गेल्या महिन्यापासून 'हे उपकरण आता चालणार नाही' अशा अर्थाची पाटी दाखवून बंद होतं. नेटफ्लिक्स मात्र सुरळीत. सेवा केंद्रात विचारलं तर 'आता नवा टीव्हीच घ्या' म्हणाले. मेव्हणा म्हणतो चार-सहा हजारांची स्टिक लाव आणि गप्प बस.

घरी फायबरचं नेट आहे. राउटर पुढच्या पडवीत, टीव्ही माजघरात, मध्ये जांभ्या चिऱ्याची जाड भिंत. केबलचा सेट टॉप बॉक्सही आहे, म्हणजे आईच्या हातात आत्ताच दोन रिमोट. तिसरा आला तर ती टीव्ही बघणंच सोडेल अशी भीती आहे. काय करावं?

पिंट्या_सोलापूर

स्टिक साध्या टीव्हीला स्मार्ट करायला असते हो. तुमचा आधीच स्मार्ट आहे, मग पैसे कशाला घालता? फॅक्टरी रिसेट मारा, एकदम नव्यासारखा होतो. माझ्या टीव्हीचं असंच झालं होतं, रिसेटनंतर पळायला लागला.

तारयंत्र

देवरुखकर, कृपा करून रिसेट मारू नका, निदान आत्ता तरी. पिंट्याभाऊंचं अर्धं बरोबर आहे: साठलेला कचरा जातो आणि टीव्ही थोडा हलका होतो. पण रिसेटमध्ये सगळी अ‍ॅप्सही पुसली जातात. जे अ‍ॅप कंपनीने तुमच्या मॉडेलच्या स्टोअरमधून काढलंय ते परत मिळत नाही. उद्या चालू असलेलं नेटफ्लिक्सही हातचं जाऊ शकतं.

मुळात अ‍ॅप बंद का पडलं ते बघा. टीव्हीतलं अ‍ॅप त्या टीव्हीच्या प्रणालीच्या ठरावीक आवृत्तीसाठी बनवलेलं असतं. टीव्ही कंपनी काही वर्षांनी आवृत्ती वाढवणं थांबवते, मग अ‍ॅपवाल्यांना त्या जुन्या आवृत्तीसाठी वेगळी देखभाल परवडत नाही. डिसेंबर 2019 मध्ये नेटफ्लिक्सने 2010-11 च्या काही सॅमसंग टीव्हींवरून असंच अंग काढून घेतलं. ते टीव्ही बिघडले नव्हते, चित्र उत्तम होतं. तुमच्याकडे तेच चाललंय. पडदा पंधरा वर्षं टिकतो, त्यामागचा संगणक त्याच्या निम्मीही नाही.

म्हणून जुन्या पडद्याला नवा संगणक लावायचा, तो म्हणजे स्टिक. फक्त एक गोष्ट आधी तपासा: हळूपणा टीव्हीचा आहे की वायफायचा? वायफायचा असेल तर स्टिक लावूनही अण्णा अंगणातच.

यूट्यूबवर एखादा व्हिडिओ लावून सेटिंगच्या चाकात `Stats for nerds` चालू करायला सांगा. पडद्यावर आकडे येतात. त्यातल्या दोनच ओळी बघायच्या. `Buffer Health` म्हणजे पुढचे किती सेकंद टीव्हीने आधीच उतरवून ठेवलेत. ते शून्याकडे यायला लागले तर दोष नेटचा. ते भरपूर असूनही चित्र अडखळत असेल आणि `dropped`, म्हणजे दाखवायच्या राहून गेलेल्या चौकटींचा आकडा धावत असेल तर टीव्हीचा प्रोसेसर धापा टाकतोय. दोन्ही ठीक आणि तरी अ‍ॅप उघडायला वेळ लागतो, तर टीव्हीची मेमरी अपुरी.

सुमेधा_प

आमच्याकडे स्टिक टीव्हीच्या यूएसबीलाच लावलीय, वेगळा चार्जर लागत नाही, वायरही कमी दिसते. मस्त चालते. फुल एचडी टीव्हीला साधी एचडी स्टिक पुरते, फोर के वाल्यांना जास्त पैसे देऊ नका.

तारयंत्र

सुमेधाताई, तुमची चालते कारण तुमच्या टीव्हीचा पोर्ट दणकट आहे. बऱ्याच टीव्हींचा यूएसबी अर्धा अँपिअर देतो आणि स्टिकबरोबर जो अडॅप्टर येतो तो एक अँपिअरचा असतो. कमी पडलं की लक्षण ठरलेलं: लोगो दिसतो, परत काळोख, परत लोगो. किंवा जड अ‍ॅप उघडताच स्टिक नव्याने सुरू होते. लोक स्टिक खराब म्हणून परत पाठवतात. शिवाय टीव्ही बंद केला की अनेकदा तो पोर्टही मरतो, त्यामुळे रोज संध्याकाळी स्टिक शून्यापासून उठते. आईंना ते पुन्हा हळूच वाटणार. अडॅप्टर भिंतीतच लावा. गावी इन्व्हर्टर असेल तर टीव्ही, स्टिक आणि राउटर तिन्ही त्याच लाइनवर घ्या.

एचडी-फोर के बद्दल: चित्रापुरतं तुमचं म्हणणं खरं. पण स्वस्त एचडी स्टिकमध्ये एक जीबी रॅम असते, वरच्या फोर के मॉडेलमध्ये दोन जीबीपर्यंत. फोर के पडद्यासाठी नाही, तर अ‍ॅप बदलताना अडकू नये म्हणून ते पैसे द्यायचे. देवरुखकरांचं मूळ दुखणंच हळूपणाचं आहे. तेच अर्ध्या किमतीत परत विकत घेऊ नये, असं मला वाटतं.

देवरुखकर

अण्णांनी व्हिडिओ कॉलवर पडदा दाखवला, काल दुपारी आणि रात्री. `dropped` जवळपास हलत नाही. दुपारी `Buffer Health` भरपूर. रात्री भाचे मंडळी फोन घेऊन पडवीत बसली की तोच आकडा घसरत जातो आणि चित्र धुरकट होतं. अ‍ॅप उघडायला मात्र दोन्ही वेळेला सारखाच उशीर. म्हणजे दोन्ही आजार?

तारयंत्र

हो, दोन वेगळे आजार आहेत. उघडायला उशीर आणि बंद पडलेलं अ‍ॅप हे टीव्हीचं. ते स्टिक बरं करेल. रात्रीचं धुरकट चित्र वायफायचं. ते स्टिक एकटी बरं करणार नाही.

जांभ्याच्या भिंतीतून 5 गिगाहर्ट्झचं वायफाय फारच कमजोर पोचतं. नव्या स्टिकला तुमच्या घरी 2.4 वरच ठेवून बघा. फुल एचडीला नेटफ्लिक्स 5 एमबीपीएस पुरे म्हणतं, म्हणजे वेग कमी लागतो, तो सलग हवा. स्टिकच्या डब्यात हातभर एचडीएमआयची वायर मिळते, ती फेकू नका. टीव्हीच्या पाठीला थेट खुपसली की धातूच्या पत्र्याआड स्टिकला वायफाय कमी मिळतं आणि गरमही होते. वायरने बाजूला लोंबती ठेवली तर दोन्ही सुधारतं. त्याने भागलं नाही तर पडवीतून माजघरात एक लॅनची वायर ओढून तिथे छोटा दुसरा राउटर ठेवा. आत्ता परीक्षा म्हणून एका रात्री भाच्यांचे फोन वायफायवरून उतरवून बघा, हे फुकट आहे.

बाबा_बोरिवली

स्टिकपेक्षा बाजारात दोन हजारांत अँड्रॉइड बॉक्स मिळतो, चार जीबी रॅमवाला. मी घेतलाय. सगळं चालतं, फक्त नेटफ्लिक्स अंधुक दिसतं, ते नेटमुळे असावं.

तारयंत्र

बाबा, नेटमुळे नाही. बिनप्रमाणित बॉक्समध्ये वाइडव्हाइनचा, म्हणजे व्हिडिओची नक्कल रोखणाऱ्या कुलपाचा खालचा स्तर असतो, एल3. पैसे घेणारी अ‍ॅप्स अशा उपकरणाला जुन्या डीव्हीडीच्या दर्जाचंच चित्र देतात, मग नेट कितीही असो. एल1 असेल तरच एचडी. 'डीआरएम इन्फो' नावाचं अ‍ॅप टाकून बघता येतं. रॅमचा आकडा खोक्यावर छापणं सोपं आहे, हे प्रमाणपत्र मिळवणं नाही.

अश्विनी_डॅलस

माझा अनुभव उलटा, म्हणून लिहिते. आमच्या नव्या टीव्हीला मी स्टिक लावली होती ती काढून टाकली. टीव्हीतली अ‍ॅप्सच छान चालतात, एक रिमोट, साउंडबारला 5.1 आवाज सरळ जातो. स्टिकवरून आला की टीव्ही तो साधा स्टिरिओ करून टाकायचा. आणि स्टिक अमर थोडीच असते? 2015 चे क्रोमकास्ट मार्च 2025 मध्ये एका दिवसात जगभर बंद पडले होते, आतल्या प्रमाणपत्राची मुदत संपली म्हणून.

तारयंत्र

बरोबर आहे. नवा टीव्ही असेल तर आधी त्याची अ‍ॅप्सच वापरावीत, मीही तेच सांगेन. आणि क्रोमकास्टच्या वेळी गूगलने आवर्जून सांगितलं होतं की रिसेट करू नका, दुरुस्ती पाठवतोय. ज्यांनी घाईने केला त्यांचे हाल झाले. (पिंट्याभाऊ, हलकेच घ्या.) फरक इतकाच की स्टिक बंद पडली तर काही हजार जातात, टीव्ही नाही. आवाजाचं मात्र टीव्हीवर अवलंबून आहे, काही जुने टीव्ही एचडीएमआयने आलेला 5.1 पुढे जाऊ देत नाहीत. देवरुखकरांकडे साउंडबार नाही, म्हणून सोडून देतो.

पिंट्या_सोलापूर

घेतलं हलकेच. पण एक सांगा, माझ्या भावाने स्टिक लावल्यापासून क्रिकेट बघताना कॅमेरा फिरला की चित्र झटके मारतं. टीव्हीच्या अ‍ॅपवर नव्हतं. हे कसं?

तारयंत्र

उत्तम निरीक्षण. आपल्याकडचं टीव्ही प्रक्षेपण सेकंदाला 25 किंवा 50 चौकटींचं, आणि स्टिक सहसा टीव्हीला 60 च देते. 50 च्या 60 करताना काही चौकटी दोनदा दाखवाव्या लागतात, तोच झटका. फायर टीव्हीत `Settings` > `Display & Sounds` > `Display` मध्ये `Match Original Frame Rate` आहे, ते चालू करून बघा. सगळी अ‍ॅप्स ते पाळत नाहीत, त्यामुळे क्रिकेटच्या अ‍ॅपवर गेलं तर गेलं. गेलं नाही तर माझ्याकडेही खात्रीचा उपाय नाही.

देवरुखकर

ठरलं, दोन जीबीवाली स्टिक घेतो, अडॅप्टर भिंतीत. टीव्ही तसाच. नेटफ्लिक्स दोन्हीकडे राहू दे. आता आईचा रिमोट?

तारयंत्र

टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू करा, म्हणजे एचडीएमआयच्या वायरीतून उपकरणांनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय. नाव कंपनीगणिक बदलतं: सॅमसंगला अ‍ॅनीनेट+, एलजीला सिम्पलिंक, सोनीला ब्राव्हिया सिंक. मग स्टिकच्या रिमोटचं घराचं बटण दाबलं की टीव्ही आपोआप जागा होऊन योग्य एचडीएमआयवर येतो. आवाज आणि चालू-बंदही त्याच रिमोटने. म्हणजे टीव्हीचा रिमोट कपाटात ठेवता येईल. केबलच्या बॉक्सचा राहणारच.

सुमेधा_प

आणि ओटीपीचं बघा! आमच्या सासूबाईंचं मालिकांचं अ‍ॅप दर काही महिन्यांनी बाहेर फेकतं आणि ओटीपी माझ्या नवऱ्याच्या फोनवर येतो, तो नेमका मीटिंगमध्ये. नंबर घरातल्याच माणसाचा द्या.

देवरुखकर

अण्णांचा देतो. सीईसी केलं तरी सकाळी केबलवर असलेला टीव्ही संध्याकाळी केबलवरच उघडणार ना? आई आधी बातम्या बघते, मग मालिका.

तारयंत्र

हो, उघडेल. घराचं बटण दाबलं की स्टिक, आणि परत केबलला यायला टीव्हीच्या रिमोटवरचं इनपुट बटण लागेल. तेव्हा कपाटात नको, दिवाणावरच असू द्या.