बँकेतून झेडपी शाळेत: एनपीएसचं खातं कसं वळवायचं?

मदत हवी आहे. नाशिकमध्ये बँकेत क्लार्क होतो. पवित्र पोर्टलवरून निवड झाली, राजीनामा रीतसर मंजूर झाला आणि आता सुरगाणा तालुक्यात झेडपी शाळेवर शिक्षण सेवक आहे. मानधन १६,००० रुपये. स्टाफ रेटचं गृहकर्जही सर्वसाधारण ग्राहकांच्या व्याजदरावर गेलं, त्यामुळे महिनाअखेर ओढाताण असते. (पहिलीच्या पोरांपेक्षा कॅश टॅली करणं सोपं होतं!)

अडचण एनपीएसच्या प्रान खाते क्रमांकाची. बँक म्हणते नव्या कार्यालयाकडे जा. पंचायत समिती म्हणते तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी लागल्यावर बघू. पैसे काढायचे नाहीत, दुसरा प्रानही नको.

तोवर खातं सर्व नागरिक योजनेत वळवून स्वतः थोडेथोडे भरू, की तसंच ठेवून नंतर थेट खातं वळवायचा आयएसएस-१ फॉर्म देऊ? बँकेतून झेडपीत आलेल्या कुणी हे केलंय का?