नववीत पृष्ठफळ शिकवताना कात्री-कागद हवा की नको?

सिन्नरफाटा_सर: नववीला इष्टिकाचिती आणि वृत्तचितीचं पृष्ठफळ घेतोय. वर्गात ५८ मुलं, तासिका ३५ मिनिटांची. घडणी कापून, कागद गुंडाळून शिकवू की फळ्यावर सूत्रं आणि भरपूर उदाहरणं? शाळेत दोन्ही बाजूंचे लोक आहेत. नाशकातल्या मंडळींचा अनुभव ऐकायचाय.

गंगापूररोड_क्लास: स्पष्ट सांगतो, नको. इष्टिकाचिती आणि वृत्तचिती आठवीत होऊन गेलेली असते. नववीत त्यांची उजळणी करून शंकू आणि गोलाकडे जायचं असतं. ५८ मुलांना कात्र्या वाटण्यात, कंपास नसलेल्यांना कंपास देण्यात दहा मिनिटं जातात. त्या वेळात चार उदाहरणं होतात. मी सतरा वर्षं नववी-दहावी घेतोय, मुलांचे मार्क सरावाने वाढलेले पाहिलेत.

पंचवटीची_आई: याच विषयावर बोलायचं होतं. मुलीच्या शाळेने प्रकल्प म्हणून घडणी करून आणायला सांगितल्या. मेन रोडवरून छापील तक्ता आणला, तिने रात्री बसून चिकटवला, सुबक झाला. पण सूत्र विचारलं तर गप्प. मग एवढ्या खटाटोपाला गुण तरी किती देतात?

कागदवाल्या_बाई: ताई, धागा प्रकल्पाच्या गुणांचा नाही, पण तुमच्या मुलीचं उदाहरण मला फार उपयोगी आहे. छापील तक्त्यात सगळी मापं आधीच ठरलेली असतात, चिकटवायची पट्टीसुद्धा. मुलीने रेघेवर कात्री चालवली, मोजलं काहीच नाही. मग सूत्र कुठून येणार?

सर, मी काय करते ते सांगते. दोघांत एक साधा कोरा A4 कागद. त्यातून २३ सेमी लांब आणि ११ सेमी रुंद पट्टी कापायची. एका टोकाला १ सेमीवर रेघ मारायची, ती चिकटवण्याची जागा. उरलेली पट्टी २२ बाय ११, म्हणजे २४२ चौसेमी. हा आकडा वहीत आधी लिहून ठेवायचा. कापून उरलेल्या कागदातून ३.५ सेमी त्रिज्येच्या दोन चकत्या आणि ७ बाय ४ चे दोन आयत निघतात.

आता पट्टी गुंडाळून रेघेवर टोक आणायचं आणि दोन क्लिपा लावायच्या. चकती वर ठेवली की बरोबर बसते, कारण २२ हा तिचाच परीघ. क्लिपा काढून तीच पट्टी ७, ४, ७, ४ वर घडी घालून उभी करायची. झाली इष्टिकाचिती. गुंडाळणं आधी आणि घड्या नंतर, हा क्रम मोडू नका. आधी घड्या पडल्या तर नळी कोपऱ्याकोपऱ्याची होते.

मग विचारायचं, बाजूचा कागद वाढला का? नाही, दोन्हीकडे २४२ च. म्हणजे उभ्या पृष्ठांचं 2h(l+b) आणि वक्रपृष्ठाचं 2πrh हे एकच काम आहे, तळाची कड गुणिले उंची. फरक फक्त झाकणांचा. डब्याला २८-२८, एकूण २९८. नळीला ३८.५-३८.५, एकूण ३१९.

मखमलाबादचा_भाऊ: मस्त! म्हणजे कागद तोच तर क्षेत्रफळ तेच. पट्टी उभी गुंडाळा नाहीतर आडवी, पृष्ठफळ बदलणारच नाही. घनफळही तेच राहणार.

कागदवाल्या_बाई: भाऊ, बाजूचं बदलणार नाही, इथपर्यंत बरोबर. पण चिकट पट्टी या वेळी लांब कडेला ठेवून ११ चा परीघ करून गुंडाळा. उंची २२, त्रिज्या निम्मी, १.७५. चकती मात्र निम्मी नाही, चौथाई होते, ९.६२५. एकूण पृष्ठफळ ३१९ वरून २६१.२५ वर येतं. आणि घनफळ ४२३.५ घसेमी होतं ते २११.७५, अगदी निम्मं. तांदूळ भरून दाखवा, बुटक्या नळीत उंच नळीच्या दोन नळ्या मावतात. माझ्या वर्गात दरवर्षी बहुतेक हात "सारखंच" म्हणून वर जातात.

तांबटआळीचा: मी शिक्षक नाही. आमच्या घरात बंब आणि पिंपं बनायची. आजोबा पत्रा कापताना घेर मोजून वर दोन बोटं जास्त सोडायचे, सांध्यासाठी. ती दोन बोटं विसरली की तळ बसत नाही, पत्रा वाया. बाईंच्या त्या १ सेमीच्या रेघेवरून ते आठवलं.

कागदवाल्या_बाई: वर्गात नेमकं हेच बिघडतं! मुलं २२ चीच पट्टी घेतात आणि १ सेमी एकमेकांवर चढवून चिकटवतात. परीघ २१ राहतो, आणि चकती चहूबाजूंनी दीडेक मिलिमीटर बाहेर डोकावते. मी ती नळी फेकू देत नाही. "चकती मोठी झाली की नळी लहान?" एवढंच विचारते. ज्याने स्वतः चकती मोजून पाहिली, त्याला आयताची लांबी म्हणजे 2πr हे परत सांगावं लागत नाही.

गंगापूररोड_क्लास: बाई, तुमची आकडेमोड पटली, पण परीक्षेत "रंग देण्याचा खर्च काढा" येतं, तिथे मूल कागद घेऊन बसत नाही. आणि चिकट पट्टी धरायची की नाही, हा नवा गोंधळ कशाला?

कागदवाल्या_बाई: रंगाच्याच उदाहरणात मुलं अडकतात, सर. वरून उघडी टाकी असते आणि ती 2πr(r+h) ठोकून देतात. हातात झाकण घेतलेलं मूल झाकण बाजूला ठेवतं, २४२ अधिक ३८.५, २८०.५. आणि पट्टीचं म्हणाल तर पृष्ठफळात ती नाही, "कागद किती लागेल" विचारलं तर आहे. हा फरक मी मुद्दाम बोलते.

गंगापूररोड_क्लास: उघड्या टाकीची चूक माझ्याकडेही होते, ते मान्य. तरी माझं म्हणणं, एकच तास कागदाला द्यायचा तर तो शंकूला द्या. पाकळी कापून वळवली की तिची त्रिज्या म्हणजे तिरकी उंची, हे दिसतं. मुलं l च्या जागी h घालतात, तिथे खरी गरज आहे. गोलाला तर कागद चालतच नाही, तो सपाट उलगडत नाही. मग तिथे काय करणार?

कागदवाल्या_बाई: गोलाला नाहीच चालत, तिथे मी पण कागद ठेवून देते. शंकूचं पटतं. पण पट्टी कधी गुंडाळलीच नसेल तर पाकळीची वक्र कड म्हणजे तळाचा परीघ हे मुलाला सुचेल का? मला शंका आहे.

सिन्नरफाटा_सर: सोमवारी एका तुकडीत पट्टी आधी घेतो, दुसरीत थेट शंकूची पाकळी. कात्र्या नकोत, आदल्या दिवशी पट्ट्या घरून कापून आणायला सांगतो. बाई, घरून आणल्या तर मोजण्याची मजा जाते का?

कागदवाल्या_बाई: पट्ट्या घरून आणू द्या. चकत्या मात्र वर्गातच काढायला लावा, आणि त्रिज्या सांगू नका.