मदत हवी आहे: तुलनेच्या तक्त्यात अर्धवट टिक कशी दाखवायची?

कोथरूडला आमची डब्याची सर्विस आहे, गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला आम्ही आणि आणखी तिघं असा तक्ता एक्सेलमध्ये केलाय, नावं न घेता क ख ग लिहिलंय. दराचं जमलं, क चे २४०० दिसतात पण डिलिव्हरी ३६० वेगळी आणि डबे २४च, म्हणजे डबा ११५ला पडतो, आमचे २८६० डिलिव्हरीसकट २६ डब्यांचे म्हणजे ११०, म्हणून महिन्याऐवजी डब्यामागे दर टाकला. घोळ टिकचा आहे. ‘सुट्टीचा डबा पुढे धरतात’ इथे आम्हाला आणि क ला दोघांनाही टिक, पण आमच्याकडे आदल्या रात्री कळवलं की झालं, त्यांच्याकडे सलग तीन दिवस सुट्टी हवी. सेलमध्ये अट लिहिली तर मोबाईलवर वाचता येत नाही, कमेंट टाकली तर फोटोत येतच नाही. फोटो एकच पाठवायचाय, तर अशा ठिकाणी टिकच्या जागी नेमकं काय टाकता तुम्ही?