जिनिंगची काटा पावती पोर्टफोलिओत टाकावी, की नामांकित ॲपचं री-डिझाइन?

राळेगाववाली
राळेगावला राहून यूआय डिझाइन करते. एका जिनिंगसाठी वजनकाट्याची स्क्रीन आणि शेतकऱ्याला मिळणारी पावती नव्याने केली, दोन्ही वापरात आहेत. पावती दिसायला अगदी साधी आहे, म्हणून बिहान्सवर टाकायला मन धजत नाही. त्यापेक्षा एखाद्या मोठ्या फूड ॲपचं काल्पनिक री-डिझाइन करून ड्रिबलवर टाकू का? मला बाहेरचे क्लायंट हवे आहेत.

पिक्सेल अमरावती
री-डिझाइनच टाक. तिथे लोक अंगठ्याएवढं चित्र पाहतात आणि पुढे सरकतात. काळ्या-पांढऱ्या पावतीवर कोण थांबणार? रंग आणि ॲनिमेशन असेल तर थांबतात. रोज एक शॉट टाकत राहा, लाइक वाढले की क्लायंट आपोआप येतात. आणि लोकेशन पुणे लिही. राळेगाव पाहून कोणी मेसेजसुद्धा करणार नाही.

वर्धेची ताई
अंगठ्याएवढ्या चित्राचं म्हणणं खरं आहे. बाकीचं मला अजिबात पटत नाही. लाइक देणारे बहुतेक आपल्यासारखेच डिझायनर असतात, काम देणारा माणूस वेगळा असतो. मी कंपनीसाठी डिझायनर निवडायला बसते तेव्हा फूड ॲपची री-डिझाइन्स ढिगाने समोर येतात आणि मी ती भराभर बंद करते. त्यांत डिझायनरला कोणी अडवलेलंच नसतं. प्रिंटरची मर्यादा नाही, मालकाचा आग्रह नाही, उन्हात रांगेत उभा कास्तकार नाही. तुझ्या कामात हे सगळं असणार. जुन्या पावतीत नेमकं काय अडत होतं ते इथे लिही, मग मांडणीचं बोलू.

राळेगाववाली
भरलेल्या गाडीचं वजन, खाली गाडीचं वजन आणि निव्वळ वजन हे तिन्ही आकडे एकाच आकारात होते. समजा भरलेली 4,860 किलो, खाली 2,310, निव्वळ 2,550, म्हणजे साडेपंचवीस क्विंटल. लोक घाईत भरलेल्या गाडीचाच आकडा वाचायचे. ओलाव्याची कपात वेगळी दिसायचीच नाही, थेट शेवटच्या रकमेत मिसळलेली असायची, त्यामुळे खिडकीवर रोज वाद. मी निव्वळ वजन सगळ्यात मोठं केलं आणि कपातीला स्वतंत्र ओळ दिली. प्रिंटर जुना डॉट मॅट्रिक्स आहे, बारीक देवनागरीत मात्रा आणि अनुस्वार गायब व्हायचे. म्हणून अक्षर वाढवलं आणि मजकूर निम्मा केला.

वर्धेची ताई
हे तू इथे लिहिलंस ना, हाच तुझा प्रोजेक्ट आहे. कव्हरला पूर्ण पावती नको, लहान झाल्यावर ती राखाडी ठोकळा दिसेल. निव्वळ वजनाची ओळ तेवढी कापून घे, 2,550 हा आकडा चौकटभर येऊ दे. कव्हर फोनवर उघड, फोन हातभर लांब धर. आकडा वाचता आला नाही तर अजून आत काप.

प्रोजेक्ट उघडल्यावर पहिलं चित्र जुन्या पावतीचं असू दे, त्याखाली नवी, दोन्ही एकाच मापात. मग खिडकीवरचा वाद, मग ओलाव्याची ओळ, मग प्रिंटर. प्रत्येक ठिकाणी आधी काय अडलं ते आणि मग तू काय केलंस ते, दोन-तीन वाक्यांत. मात्रा गायब झालेल्या शब्दाचा जवळून काढलेला फोटो नक्की टाक. एवढी एक गोष्ट पाहिली तरी मी मुलाखतीला बोलावेन.

हा मजकूर चित्रात कोरू नकोस, बिहान्सच्या टेक्स्ट ब्लॉकमध्ये टाइप कर. चित्रातली अक्षरं सर्चच्या भरवशावर सोडू नयेत. शीर्षकही शोधणारा जे टाइप करेल तसं ठेव: `Weighbridge Receipt and Screen for a Cotton Gin`. नुसतं `Receipt Redesign` लिहिलंस तर हजार कॅफेच्या बिलांत हरवशील.

पिक्सेल अमरावती
पण जर्मनीतल्या माणसाला कापसाचा ओलावा काय कळणार? तो दोन ओळींत कंटाळेल.

वर्धेची ताई
सीसीआयच्या खरेदीत 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो, 12 पर्यंत टक्क्याच्या हिशेबात कपात होते आणि त्यापुढे कापूस घेत नाहीत. हे एका वाक्यात सांगता येतं. वजन करून, कपात लावून पैसे देणं गव्हातही आहे आणि भंगारातही. तशा धंद्याचं सॉफ्टवेअर बनवणारा माणूस हे वाचून थांबेल. फॅशनचं ॲप बनवणारा थांबणार नाही, हे मात्र मान्य. त्याच्यासाठी वेगळा नमुना लागेल.

जिनवाले काका
आमच्या घरचा जिनिंगचा व्यवसाय आहे. पावतीवर कास्तकाराचं नाव, गाव, गाडी नंबर, मोबाइल असतो, काही ठिकाणी बँक खातंही. उद्या आमची पावती न विचारता इंटरनेटवर दिसली तर मी ते काम पुन्हा त्या मुलीला देणार नाही. वजनातल्या वादाची गोष्ट तर मुळीच नको, लोक म्हणतील जिनवाला लुटत होता. काल्पनिक कामच बरं, त्यात कोणाचं नाव जात नाही.

वर्धेची ताई
काका, तुमची काळजी रास्त आहे. पण तिने जिनिंगचं नावच देऊ नये, “यवतमाळ जिल्ह्यातलं एक जिनिंग” एवढं पुरे. आणि मालकाची परवानगी लेखी हवी, साधा व्हॉट्सॲप मेसेजही चालेल. पानाचा मसुदा आधी त्यांना दाखवावा. नावं पुसट करू नयेत. पुसट केलेल्या आकड्यांचा कधी कधी अंदाज लावता येतो. मूळ फाइलमध्येच खोटी नावं आणि खोटे नंबर भरून नवीन चित्र काढावं. जुन्या पावतीचा फोटो टाकण्याऐवजी तीही तशीच नव्याने मांडावी आणि “नमुना माहिती” असं खाली लिहावं.

जिनवाले काका
नाव नसलं तरी आमच्या भागात जिनिंग किती आहेत? लोक ओळखतातच.

आर्णीचा कोडवाला
ताई, माह्यावालं थोडं येगळं आहे. शेतकरी कंपनीसाठी तूर खरेदीचं ॲप बनवलं, कोड गिटहबवर प्रायव्हेट आहे. नोकरीसाठी दाखवाचं आहे त पब्लिक करू का? एका फाइलमंदी डेटाबेसचा पासवर्ड होता, तो मी मंग काढून टाकला.

वर्धेची ताई
थांब भाऊ, तीच रिपॉझिटरी पब्लिक करू नकोस. फाइल आता दिसत नसली तरी जुन्या कमिटमध्ये पासवर्ड तसाच बसलेला आहे. स्वतःच तपासून बघ:

```
git log -p --all -- .env
```

फाइलचं नाव वेगळं असेल तर तिथे ते टाक. काही छापून आलं तर समज. पहिलं काम म्हणजे पासवर्ड बदल, मग कंपनीला विचार, कारण कोडवर हक्क त्यांचाही असू शकतो. हो म्हणाले तर खोटा डेटा टाकून नवीन रिपॉझिटरी कर, जुना इतिहास न आणता. नाही म्हणाले तर प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये प्रायव्हेट काँट्रिब्युशन दाखवायची सोय आहे. त्यात कोड उघड होत नाही, पण तू काम करतोस एवढं हिरव्या चौकटींत दिसतं.

आर्णीचा कोडवाला
निघाला ताई पासवर्ड! आत्ताच बदलतो.

राळेगाववाली
मालकाशी उद्या बोलते. काकांचं पटलं, वादाच्या ऐवजी “आकडा चुकीचा वाचला जायचा” एवढंच लिहीन. पण लोकेशनचं काय करू?

पिक्सेल अमरावती
पुणे. मी पुणे लिहिल्यावरच मला दोन कामं मिळाली.

वर्धेची ताई
पहिल्या कॉलवर “ऑफिसात भेटू” म्हणाले तर ती काय सांगणार? मी यवतमाळ लिहिलं असतं आणि जोडीला “रिमोट काम करते” असं. पण तुला कामं मिळाली हेही खोटं नाही. भारतातले क्लायंट शहर लावून शोधतात, तिथे यवतमाळवाला मागे पडतो. बाहेरच्यांना पुणे काय आणि यवतमाळ काय. तिला बाहेरचे हवे आहेत, म्हणून मी यवतमाळच म्हणेन.

पिक्सेल अमरावती
बाहेरचे येईपर्यंत खायचं काय, ते पण सांगा ताई.