मदत हवी: एकच 'क्षमता', इंग्रजीत तीन शब्द?

नवी_इंटर्न: शेतीपंप बनवणाऱ्या कंपनीत भाषा-इंटर्न आहे. सोळा पानांचं माहितीपत्रक, अर्धं मूळ मराठीत, अर्धं इंग्रजीत. दोन्ही भाषांत पूर्ण करायचंय. गाडी 'क्षमते'पाशी अडली आहे. '५ एचपी क्षमतेचा पंप', '३० मीटर उंचीला क्षमता ६ लिटर प्रति सेकंद', 'जास्त क्षमता, कमी वीजबिल'. मी तिन्हीकडे कपॅसिटी लिहिलं, इंजिनिअर साहेबांनी तिन्हींना लाल गोल करून पान परत पाठवलं.

शुद्धमती: भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश आहेत ना! एफिशियन्सीला कार्यक्षमता, हेडला शीर्ष. कोशातलं उचला, एकसारखेपणा आपोआप येतो.

जुना_अनुवादक: कोश हवाच, पण इथे घोळ मूळ मजकुरातच आहे. 'क्षमता' दिसली की शेजारचं एकक बघा. एचपी असेल तर पॉवर रेटिंग, लिटर प्रति सेकंद असेल तर डिस्चार्ज. वीजबिलाच्या वाक्यात एकक नाही, पण अर्थ एफिशियन्सीचा, म्हणून मराठीतही तिथे 'कार्यक्षमता' करून घ्या. मग परफॉर्मन्स कर्व्हला 'कार्यक्षमता आलेख' म्हणू नका. त्याच आलेखावर एफिशियन्सीची वेगळी रेघ असते, वाचणारा फसतो.

मळेवाला: आमच्या ५ एचपीलाही ३० मीटरला सहा लिटर लिहिलंय, येतं चारच. फुटव्हॉल बदलून झाला. कंपनी कुठली तुमची?

जुना_अनुवादक: दादा, तीस मीटर कशी मोजलीत? विहिरीतल्या पाण्यापासून टाकीपर्यंत?

मळेवाला: हो, दोरी सोडून. पाइप मात्र चारशे फूट आडवा जातो.

जुना_अनुवादक: मग त्या पाइपातलं घर्षणही पंपाला ओढावं लागतं. पाणी चढवायची उंची आणि हे घर्षण मिळून जे होतं ते हेड; नुसत्या उंचीत घर्षण येत नाही. हेड वाढलं की पाणी कमी पडतं. इंटर्नबाई, हेडच्या जागी 'उंची' का चालणार नाही ते कळलं ना?

नवी_इंटर्न: बापरे, नवव्या पानावर सगळीकडे 'उंची'च आहे! आणखी एक: साहेबांनी 'झडप' काढून 'व्हॉल्व्ह' करायला सांगितलं. एका झटक्यात बदललं तर 'मोठी व्हॉल्व्ह बसवली' आणि 'व्हॉल्व्हेत कचरा' झालं.

जुना_अनुवादक: होणारच, झडप ती आणि व्हॉल्व्ह तो. शब्दांच्या तक्त्यात इंग्रजी आणि मराठी शब्दाशेजारी लिंग, एक विभक्तीचं रूप आणि 'हा शब्द वापरायचा नाही' असा रकाना ठेवा. बदल एकेक बघून करा.

शुद्धमती: पण हेडला 'शीर्ष' असताना 'हेड' कशाला?

मळेवाला: शीर्ष म्हटलं तर दुकानदार आमच्याच डोक्याकडे बघेल.

नवी_इंटर्न: हेच माहितीपत्रक सरकारी निविदेलाही जोडणार आहेत म्हणे. तिथे 'हेड' चालेल का, ते साहेबांनाही सांगता येईना. तूर्तास तक्त्यात 'हेड' लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलंय.